सोसायटीच्या सोलरचा वार्षिक देखभाल करार : कोणती मोजमापं मागायची आणि काम कसं पारखायचं

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर क्लॅम्प मीटर घेऊन उभा होतो. इन्व्हर्टरकडे येणाऱ्या चार वायरींना एकेक करून मीटर लावला. पहिल्या तिन्हींवर सात अँपियरच्या आसपास आकडा आला आणि चौथीवर शून्य. म्हणजे चार रांगांपैकी एक पूर्ण रांग, वीस पॅनेल, नुसती उन्हात पडून होती. ॲपमधला जुना आलेख काढून बघितला तेव्हा कळलं की हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून चाललंय. मधल्या काळात देखभाल कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली होती. त्यांचे दोन्ही रिपोर्ट फाइलमध्ये होते, प्रत्येकात सोळा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे ‘ओके’ची टिक. आकडा मात्र एकही नव्हता.

आमचा प्लांट पुण्यात आहे, २६.४ किलोवॉटचा. ३३० वॉटची ८० पॅनेल, वीस-वीसच्या चार रांगा, म्हणजे या धंद्यातले लोक ज्याला स्ट्रिंग म्हणतात त्या. २५ किलोवॉटचा एक इन्व्हर्टर. २०१८ मध्ये बसवला, बसवणाऱ्यांची पाच वर्षांची मोफत देखभाल २०२३ मध्ये संपली आणि मग आम्ही दुसऱ्या एका कंपनीशी वर्षाला २४,००० रुपये अधिक जीएसटी असा करार केला. तो करार मीच वाचून सही केला होता. त्यात ‘वर्षातून चार भेटी, संपूर्ण तपासणी’ असं लिहिलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं. त्या चुकीतून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. घर, बंगला किंवा छोट्या कारखान्यालाही यातलं जवळपास सगळं लागू पडेल.

आधी बघा, करार लागतोय का

पीएम सूर्यघर योजनेत अनुदान घेऊन प्लांट बसवला असेल तर पहिली पाच वर्षं देखभाल करण्याची जबाबदारी बसवणाऱ्या व्हेंडरचीच असते. त्या काळात वेगळे पैसे मोजून करार करण्याआधी मूळ करारनामा काढून बघा. पॅनेल धुणं त्यात सहसा धरलेलं नसतं. तेवढं वेगळं करून घ्या, बाकीचं काम त्याच व्हेंडरकडून हक्काने मागा. तिथेही खाली सांगितलेली मोजमापंच मागायची.

पाच वर्षं संपली असतील तर नव्या कंपनीला बोलावण्याआधी जुन्याकडून चार गोष्टी ताब्यात घ्या : कोणतं पॅनेल कोणत्या स्ट्रिंगमध्ये आहे तो नकाशा, प्लांट सुरू करताना घेतलेल्या मोजमापांचा रिपोर्ट, पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटीची कागदपत्रं, आणि इन्व्हर्टरच्या ॲपचं मुख्य लॉगिन. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच ठिकाणी प्लांट व्हेंडरच्या खात्यात नोंदवलेला असतो आणि मालकाला फक्त बघण्यापुरता प्रवेश दिलेला असतो. व्हेंडर गेला की मागच्या पाच वर्षांची नोंदही जाते. मालकी सोसायटीच्या ईमेलवर करून घ्या, सेक्रेटरीच्या वैयक्तिक ईमेलवर नको, कारण सेक्रेटरी बदलतात.

पॅनेल बंद पडलेलं कळत का नाही?

हे समजलं की करारात काय मागायचं ते आपोआप समजतं. आमच्या इन्व्हर्टरला दोन इनपुट आहेत आणि प्रत्येकावर दोन स्ट्रिंग जोडलेल्या आहेत. या इनपुटला एमपीपीटी म्हणतात. एका इनपुटवरच्या दोनपैकी एक स्ट्रिंग तुटली तरी दुसरी चालू असते, त्यामुळे व्होल्टेज जिथल्या तिथे राहतं. इन्व्हर्टरच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. हिरवा दिवा लागलेला, एरर नाही, युनिट येतायत. कमी होतो तो फक्त करंट, आणि करंट तर ढग आले तरी कमी होतोच. आमची स्ट्रिंग जूनमध्ये तुटली, त्यामुळे घटलेल्या युनिटांचा दोष सगळ्यांनी पावसाला दिला. ऑगस्टच्या भेटीत मी टेक्निशियनला विचारलंही होतं. तो म्हणाला, “काका, ऊनच नाही तर युनिट कुठून येणार?” मला ते पटलं.

खरं कारण निघालं एका जोडात. दोन पॅनेलच्या ओळींमधली वायर स्लॅबवर पडलेली होती, बरोबर जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे. तिच्यावरचा एमसी-४ कनेक्टर, म्हणजे तो काळा प्लॅस्टिकचा खटक्याने बसणारा जोड, एका बाजूने वितळून तपकिरी झाला होता. आतली पिन काळी पडून तुटली होती. जोडाची नर बाजू एका कंपनीची आणि मादी बाजू दुसऱ्या कंपनीची होती. ते एकमेकांत बसतात, पण पकड तंतोतंत नसते. तिथे जोड तापतो, सील सुटतं, पाणी शिरतं आणि काही पावसाळ्यांनी जोड जळतो. आमच्याकडे स्लॅब होता म्हणून वायर तुटण्यावर निभावलं. खाली कचरा किंवा कबुतराचं घरटं असतं तर आग लागली असती.

करारात लिहायची मोजमापं

मुख्य अट एकच ठेवा : प्रत्येक भेटीच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक स्ट्रिंगचा आकडा हवा, वेळ आणि फोटोसकट. ‘ओके’ चालणार नाही.

*स्ट्रिंगचा करंट.* स्वच्छ उन्हात, सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने सगळ्या स्ट्रिंगचा चालू करंट लागोपाठ, दोन-तीन मिनिटांच्या आत घ्यायचा. साधा एसीचा क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही. आकडा सात आहे की आठ याला फार अर्थ नाही, कारण तो उन्हावर ठरतो. अर्थ आहे तुलनेला. एकाच दिशेला, एकाच उतारावर असलेल्या सारख्या स्ट्रिंगमध्ये पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कारण शोधून रिपोर्टमध्ये लिहिलं पाहिजे. सावली, धूळ, तडकलेलं पॅनेल, सैल जोड, काहीही असेल.

*स्ट्रिंगचं उघडं व्होल्टेज.* इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज बघायचं. आमचं एक पॅनेल तापलेलं असताना साधारण ४२ व्होल्ट देतं, म्हणजे वीस पॅनेलचे ८४० च्या आसपास. एखादी स्ट्रिंग बाकीच्यांपेक्षा चौदा व्होल्टनी कमी दाखवू लागली तर तो योगायोग नसतो. पॅनेलच्या मागच्या डब्यात तीन बायपास डायोड असतात, प्रत्येकाकडे पॅनेलचा एकतृतीयांश भाग असतो, आणि त्यातला एक शॉर्ट झाला की नेमके तेवढेच व्होल्ट जातात. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, युनिटमध्येही नीट कळत नाही, पण पॅनेल वॉरंटीत असेल तर याच आकड्यावर दावा करता येतो. लक्षात ठेवा, व्होल्टेज एकट्याने पुरत नाही. धुळीने माखलेलं पॅनेलही जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतं. काही कंपन्या फक्त व्होल्टेज लिहून देतात कारण ते मोजणं सोपं आहे. करंट मागाच.

*इन्सुलेशन.* वर्षातून एकदा १,००० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक स्ट्रिंगची वायर आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन तपासायचं. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर गळती आहे. पावसाळ्यात याची खूण घरबसल्याही दिसते. एरवी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होणारा इन्व्हर्टर पावसाच्या दिवसांत नऊ-साडेनऊला सुरू होऊ लागला तर कुठेतरी वायरीची साल गेलेली आहे. ओल असेपर्यंत इन्व्हर्टर सुरक्षेसाठी थांबतो, ऊन पडून वाळलं की चालू होतो. दुपारी आलेल्या टेक्निशियनला मग सगळं ठीकच दिसतं, म्हणून अशा दिवशी ॲपच्या आलेखाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

*अर्थिंग.* आपल्याकडे तीन वेगवेगळे खड्डे असतात : डीसी बाजूचा, एसी बाजूचा आणि वीजरोधकाचा. त्यांचा रोध मे महिन्यात मोजून घ्या, कारण तेव्हा माती सर्वांत कोरडी असते आणि आकडा सर्वांत वाईट येतो. ऑगस्टमध्ये भिजलेल्या मातीत मोजलेला छान आकडा तुम्हाला वळवाच्या विजांपासून वाचवणार नाही. पाच ओहमच्या आत असावा असं करारात लिहा. त्याच वेळी पॅनेलच्या फ्रेमपासून अर्थच्या पट्टीपर्यंत सलगपणा आहे का तेही बघून घ्यायचं. गंजलेल्या एका बोल्टमुळे अख्खी रांग अर्थपासून तुटलेली असू शकते. डीसी आणि एसीच्या डब्यांत सर्ज रोखणारी छोटी उपकरणं असतात, त्यांच्या खिडकीचा रंग हिरव्याचा लाल झाला असेल तर ती संपली. हे तुम्ही स्वतःही बघू शकता.

*थर्मल कॅमेरा.* वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दुपारी, प्लांट पूर्ण जोरात चालू असताना. बंद प्लांटचे किंवा ढगाळ दिवसाचे थर्मल फोटो निरुपयोगी आहेत. त्यात पॅनेलपेक्षा कनेक्टर, डब्यांमधले टर्मिनल आणि एमसीबी यांचे फोटो जास्त मोलाचे. शेजारच्या सारख्या जोडापेक्षा एखादा ठळक गरम दिसला तर तो त्याच भेटीत बदलायचा. आमचा जोड जळण्याआधी किमान एक उन्हाळा तापत असणार, आणि हा फोटो काढला असता तर तो मार्चमध्येच सापडला असता.

बाकीची कामं हाताने आणि डोळ्यांनी करायची : नट-बोल्ट आणि क्लॅम्प आवळणं, गंजाला कोल्ड गॅल्व्हनाइझिंगचा रंग लावणं, उन्हाने ठिसूळ झालेले केबल टाय बदलणं, स्लॅबवर लोंबणाऱ्या वायरी उचलून बांधणं, इन्व्हर्टरचा पंखा आणि जाळी साफ करणं, पॅनेलखालची घरटी काढणं. यातली स्ट्रक्चर आवळण्याची आणि वायरी उचलण्याची कामं मेअखेर पूर्ण झाली पाहिजेत, वादळी वाऱ्याच्या आधी.

भेटी कधी?

‘वर्षातून चार’ असं लिहिलं की कंपनी तिच्या सोयीने येते. आमच्याकडे ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा लागोपाठ दोन भेटी उरकल्या गेल्या, दोन्ही ढगाळ दिवशी. आता करारात महिने लिहिलेत. मे : अर्थिंग, स्ट्रक्चर, सर्ज उपकरणं. जुलै : फक्त डोळ्यांनी पाहणी, पाणी कुठे साचतंय, डब्यांत ओल शिरतेय का. ऑक्टोबर : पाऊस सरल्यावर सगळ्या स्ट्रिंगचा करंट, व्होल्टेज आणि इन्सुलेशन. फेब्रुवारी : थर्मल फोटो आणि पुन्हा करंट, कारण मार्च ते मे हे सर्वाधिक युनिटांचे महिने आहेत आणि त्यात कमतरता परवडत नाही. ढग असतील तर मोजमापाची भेट पुढे ढकलायची, मोजल्याशिवाय ती भेट धरायची नाही.

धुण्याबद्दल थोडं

धुणं ही देखभालीतली दिसणारी गोष्ट आहे, म्हणून सगळा वाद तिच्यावरच होतो. किती दिवसांनी धुवायचं याचं सार्वत्रिक उत्तर नाही, पण तुमच्या गच्चीपुरतं ते काढता येतं. दोन सारख्या स्ट्रिंगपैकी एक धुवा, दुसरी तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अकराला दोघींचा करंट बघा. आमच्याकडे जानेवारीत तीन आठवड्यांनी फरक सहा टक्के आला, शेजारी बांधकाम चालू होतं. तेव्हा आम्ही पंधरा दिवसांवर आलो. फरक दोन-तीन टक्केच असेल तर घाई नाही.

बोअरच्या जड पाण्याने धुऊ नका. पांढरे क्षार काचेवर धरतात आणि नंतर सहजासहजी जात नाहीत. धुण्याची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची ठेवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आणि पावसाने पॅनेल धुतली जातात या समजुतीवर पूर्ण विसंबू नका. कमी उतार असेल तर खालच्या फ्रेमच्या कडेला चिखलाची बोटभर पट्टी साचते आणि ती नेमकी सेलच्या शेवटच्या ओळीवर सावली धरते. मॉप तिथे फिरतोय का ते बघा. सोसायटीच्या सफाई कामगाराकडून धुऊन घेत असाल तर त्याला एक गोष्ट स्वतः सांगा : कुठलाही काळा जोड ओढायचा नाही. दिवसा त्या वायरींत सातशे-आठशे व्होल्ट असतात, स्विच बंद केला तरी.

काम पारखायचं कसं

यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला जनरेशन मीटरचा आकडा वहीत लिहा आणि हा भागाकार करा :

```
दिवसाला प्रति किलोवॉट युनिट =
  महिन्याची युनिट ÷ (प्लांटची क्षमता × महिन्याचे दिवस)
```

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी साधारण चारच्या आसपास येते. पावसाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर. पण सरासरीशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आमचे आकडे असे होते. जुलै २०२३ मध्ये २,१३० युनिट, म्हणजे २.६०. जुलै २०२४ मध्ये १,६१०, म्हणजे १.९७. पावसाळा पावसाळ्यासारखा नसतो, त्यामुळे एवढ्यावरून ठाम काही म्हणता आलं नसतं. पण ऑक्टोबर २०२३ चे ३,२७० आणि ऑक्टोबर २०२४ चे २,४४०. चारवरून २.९८. दोन्ही महिन्यांत भागाकार पाऊणच्या जवळ येतो. हवामानाने झालेली घट अशी एकाच प्रमाणाला धरून राहत नाही. चारपैकी एक गेलं की पाऊण उरतं, आणि आमच्याकडे स्ट्रिंग चारच आहेत. पॅनेल जुनी होण्याची घट वर्षाला एखाद्या टक्क्याच्या आतच असते, त्यामुळे ‘पॅनेल जुनी झाली’ हे कारण दहा टक्क्यांच्या घटीलासुद्धा पुरत नाही.

मीटरशिवायही हे दिसलं असतं. ॲपमध्ये दोन्ही इनपुटचा करंट वेगवेगळा दिसतो. अकरा वाजता एकावर चौदा आणि दुसऱ्यावर सात दिसत होते. आठवड्यातून एकदा हे दोन आकडे बघायला एक मिनिट लागतं.

त्या साडेचार महिन्यांत आमची साधारण २,८५० युनिट गेली. युनिटला १० रुपये धरले तरी २८,५०० रुपये. करारासाठी आम्ही जीएसटीसकट भरले होते २८,३२०.

कंपनीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. महावितरणची लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बंद होणारच, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. दुपारी लाइनचं व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढलं तरी तो तेवढ्यापुरता बंद होतो. अशा तासांची नोंद ॲपमध्ये राहते. हिशेब करताना ती वजा करा. आणि शेजारच्या इमारतीवर नवी टाकी चढली असेल, तर तिची सावली कुठलाही करार हटवू शकत नाही.

पैसे आणि अटी

नव्या करारात आम्ही आगाऊ रक्कम देणं बंद केलं. प्रत्येक भेटीनंतर, आकड्यांसकट रिपोर्ट आल्यावर, चौथा हिस्सा. तक्रार केल्यावर २४ तासांत ॲपवरून तपासणी आणि ७२ तासांत माणूस हजर. त्यापुढे जितके दिवस प्लांट किंवा स्ट्रिंग कंपनीच्या दिरंगाईने बंद राहील, तितकी युनिट मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या हिशेबाने धरून रक्कम वजा. गच्चीच्या कडेला काम करताना सेफ्टी बेल्ट आणि कामगारांचा विमा कंपनीचा.

सुटे भाग करारात धरायचे की नाही हा प्रश्न इन्व्हर्टरच्या वयावर सोडवा. इन्व्हर्टर वॉरंटीत असेल तर भागांसकटच्या महागड्या करारात तुम्ही एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरता. तेव्हा साधा करार घ्या आणि फक्त फ्यूज, कनेक्टर, सर्ज उपकरणं, केबल टाय एवढं त्यात घाला. कनेक्टर बदलताना जोडाच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या, योग्य क्रिम्पिंगच्या पकडीने दाबलेल्या, ही ओळ शब्दशः लिहा. इन्व्हर्टरची वॉरंटी संपली असेल तर भागांसकट करार घ्यायचा मोह होतो, पण तेव्हा ‘इन्व्हर्टरचं कार्ड जळाल्यास’ असा प्रसंग नाव घेऊन विचारा. बहुतेक वगळलेल्या गोष्टींच्या यादीत तो सापडतो. आम्ही त्याऐवजी दर वर्षी थोडी रक्कम नव्या इन्व्हर्टरसाठी बाजूला ठेवतो.

नवी कंपनी निवडताना मी तीन कंपन्यांना एकच विनंती केली : गच्चीवर या आणि मला चारही स्ट्रिंगचा करंट मोजून दाखवा. एकाकडे डीसी क्लॅम्प मीटर नव्हताच. दुसऱ्याने मोजला, पण चालू प्लांटवर कनेक्टर ओढायला हात घातला, मी थांबवलं. तिसऱ्या कंपनीकडून आलेला मुलगा तिशीच्या आतला असेल. त्याने आधी एसी बंद केलं, मग डीसीचा स्विच, मग व्होल्टेज घेतलं. पुन्हा चालू करून करंट घेतला आणि वहीत चार आकडे एकाखाली एक लिहून माझ्यापुढे धरले. दुसऱ्या क्रमांकाखाली त्याने रेघ मारली होती. “काका, ही अर्ध्या अँपियरने कमी आहे. टाकीच्या पाइपची सावली बघा, तिसऱ्या पॅनेलवर.” सावली दोन बोटांची होती. प्लंबरला बोलावून आम्ही तो पाइप त्याच संध्याकाळी सरकवून घेतला.